एकाच ईमेलमधील पत्ते कोणाकोणाला दिसतात? सीसी, बीसीसी, फॉरवर्ड आणि रिप्लाय ऑल यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

वाचनवेल

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात एकोणीस वर्षे ग्रंथपाल आहे. आमचा पत्रव्यवहार आतापर्यंत जावक नोंदवहीत क्रमांक टाकून टपालाने किंवा हस्ते होत असे. यंदा जूनपासून कार्यकारी मंडळाने तो ईमेलने करण्याचे ठरवले, जीमेलवर वाचनालयाचे खाते उघडले आणि ते काम माझ्याकडे सोपवले. पत्र लिहिणे आणि पाठवणे मला जमते. परंतु पत्त्याच्या ओळीशेजारी दिसणारी Cc आणि Bcc ही अक्षरे, तसेच आलेल्या पत्राखाली असणारी Reply, Reply all आणि Forward ही बटणे नेमके काय करतात हे मला नीट कळलेले नाही, आणि त्यामुळे दोन महिन्यांत माझ्या हातून तीन चुका झाल्या आहेत.

पहिली चूक वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेची. सर्व 112 सभासदांचे पत्ते मी To या रकान्यात भरले आणि सूचना पाठवली. त्यानंतर बारा सभासदांनी "उपस्थित राहीन", "प्रकृतीमुळे येता येणार नाही" अशी उत्तरे दिली आणि ती उत्तरे सगळ्यांनाच गेली. त्याच संध्याकाळी एका सभासद भगिनींचा दूरध्वनी आला. त्यांचा पत्ता त्या फक्त बँकेसाठी आणि घरच्यांसाठी वापरतात, तो आता 111 अनोळखी लोकांकडे कसा गेला, असे त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ग्रंथखरेदीसाठी तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवली होती. त्यावर मंडळाच्या सदस्यांशी ईमेलवर चर्चा झाली. शेवटी ज्यांना काम द्यायचे ठरले त्यांना मी चर्चेतील शेवटचे पत्र फॉरवर्ड केले आणि वर "आपला दर मान्य आहे" अशी एक ओळ लिहिली. त्यांच्याकडे आमची संपूर्ण चर्चा पोहोचली आणि इतर दोघांची दरपत्रकेही पोहोचली.

तिसरी चूक म्हणजे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला पाठवलेला वार्षिक अहवाल त्यांना उघडताच आला नाही. त्या पत्राची प्रत अध्यक्षांना दिली होती. तरीही कार्यालयाने त्यावर काय कळवले ते अध्यक्षांना मिळाले नाही, म्हणून ते माझ्यावर नाराज झाले.

कृपया मला अगदी पहिल्यापासून समजावून सांगावे.

टंकनिका

वाचनवेल, मी सरकारी कार्यालयात लघुलेखिका म्हणून नोकरी केली, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या निम्म्या भागाचे उत्तर मी टंकलेखन यंत्राच्या अनुभवावरून देऊ शकते. आपण स्वतः कार्यालयीन पत्रे लिहिलेली आहेत. पत्राच्या वरच्या भागात "प्रति" लिहून ज्यांच्याकडून कार्यवाही अपेक्षित आहे त्यांचे नाव घालतो, आणि खाली स्वाक्षरीनंतर "प्रत माहितीस्तव सविनय सादर" असे लिहून ज्यांना केवळ कळवायचे आहे त्यांची नावे देतो. ईमेलमधील To म्हणजे ते "प्रति" आणि Cc म्हणजे ती "प्रत माहितीस्तव". सीसी ही अक्षरे कार्बन कॉपीवरून आली आहेत. दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बनचा कागद घालून एकाच वेळी टंकित केलेली जी खालची प्रत निघत असे, तीच ही कार्बन कॉपी.

बीसीसीचीही पद्धत आमच्याकडे होती. एखादी प्रत कोणाला दिली हे मूळ पत्रावर दिसू नये असे साहेबांना वाटले, तर पत्र पूर्ण झाल्यावर मूळ कागद यंत्रातून काढून बाजूला ठेवत असू, मागच्या प्रती पुन्हा यंत्रात घालत असू आणि फक्त त्यांच्यावर ते नाव टंकित करत असू. मूळ पत्र ज्यांच्या हाती जाई त्यांना त्या नावाचा मागमूसही लागत नसे. बीसीसीमधले बी हे अक्षर ब्लाइंड या शब्दाचे आहे. पत्राच्या मूळ मानकऱ्याच्या नजरेआड ठेवलेली प्रत, असा त्याचा अर्थ.

त्यामुळे अहवाल अधिकाऱ्यांना To मध्ये आणि अध्यक्षांना Cc मध्ये पाठवला असेल, तर आपण योग्यच केले.

कोकणकडा

टंकनिकाताईंनी परंपरा छान सांगितली, पण संगणकाच्या दृष्टीने To आणि Cc यांत काहीही फरक नाही. दोन्ही रकान्यांतील लोकांना तेच पत्र त्याच वेळी मिळते आणि दोघांची नावे सर्वांना दिसतात. नवशिक्याने त्यात गुंतून पडू नये. आपली खरी अडचण बीसीसीने सुटेल. सर्व सभासद Bcc मध्ये घाला. To आणि Cc मधल्या लोकांना ते दिसणार नाहीत. बीसीसीतले सभासद मात्र एकमेकांना दिसतील, तेवढे चालवून घ्यावे लागेल.

पोस्टपेटी

कोकणकडा यांच्या पहिल्या विधानाशी मी सहमत आहे. पत्र पोहोचवणाऱ्या यंत्रणेला To आणि Cc सारखेच असतात, आणि "हे पत्र तुमच्यासाठी आहे, हे केवळ तुमच्या माहितीसाठी आहे" हा संकेत माणसांनी पाळायचा असतो. त्यांचे दुसरे विधान मात्र जीमेलसाठी खरे नाही, आणि वाचनवेल यांच्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे असल्याने त्यावर थोडे सविस्तर लिहितो. मी काही वर्षे एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळला आहे.

ईमेल पाठवताना पत्ते दोन ठिकाणी लिहिले जातात, हे एकदा ध्यानात आले की बाकीच्या सर्व गोष्टी त्यातून उलगडतात. पहिले ठिकाण म्हणजे पाकीट आणि दुसरे म्हणजे पाकिटातला कागद. आपण टपालाने पत्र पाठवतो तेव्हा पोस्टमन केवळ पाकिटावरचा पत्ता वाचतो, आत कागदावर "प्रति" म्हणून कोणाचे नाव आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ईमेलमध्येही तसेच घडते, फक्त पाकीट आपल्याला पडद्यावर दिसत नाही. आपण Send दाबल्यावर एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरशी साधारण असे बोलतो:

```
MAIL FROM:<vachanalay@example.com>
RCPT TO:<sabhasad1@example.com>
RCPT TO:<sabhasad2@example.com>
DATA
From: vachanalay@example.com
To: vachanalay@example.com
Subject: वार्षिक सभेची सूचना
```

DATA या शब्दाच्या वरचा भाग पाकीट आहे आणि खालचा भाग कागद आहे. To, Cc आणि Bcc या तिन्ही रकान्यांत आपण भरलेले सर्व पत्ते पाकिटावर जातात, म्हणून पत्र सर्वांना मिळते. कागदावर मात्र केवळ To आणि Cc या दोनच ओळी उतरतात. वरच्या उदाहरणात दोन सभासदांची नावे पाकिटावर आहेत, परंतु कागदावर शोधूनही सापडणार नाहीत. पत्र ज्याच्या हाती पडते त्याला कागद मिळतो, इतरांची पाकिटे मिळत नाहीत. म्हणून 112 सभासदांना बीसीसीने पाठवलेल्या सूचनेत कोणत्याही सभासदाला दुसऱ्या सभासदाचा पत्ता दिसणार नाही. जीमेलमध्ये पत्त्याशेजारचा छोटा बाण दाबला तर त्याला bcc या शब्दापुढे केवळ स्वतःचाच उल्लेख दिसेल. संपूर्ण यादी फक्त आपल्या Sent मधील प्रतीत राहील, आणि कोणाला पाठवले याची जावक नोंद म्हणून ती उपयोगी पडेल.

कोकणकडा यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवे. ईमेलच्या रचनेचा प्रमाण दस्तऐवज 2008 सालचा आहे आणि त्यात बीसीसी हाताळण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत. त्यांपैकी एका रीतीत बीसीसीवाल्यांना पाठवलेल्या प्रतीत ती ओळ ठेवण्याची मुभा आहे. टंकनिकाताईंनी सांगितलेल्या मागच्या प्रतीसारखाच तो प्रकार आहे. म्हणून एखाद्या वेगळ्या प्रोग्राममधून पाठवायची वेळ आली, तर आधी स्वतःच्या आणि घरच्या दोन पत्त्यांवर बीसीसीने चाचणी पत्र पाठवून दोन्हीकडे काय दिसते ते पाहून घ्यावे.

वाचनवेल

पाकीट आणि कागद हा भेद मला चांगला कळला. मग असे विचारते. बीसीसीने सूचना गेली आणि एखाद्या सभासदाने सवयीने Reply all दाबले, तर त्याचे उत्तर पुन्हा सर्वांकडे जाईल का?

पोस्टपेटी

जाणार नाही. Reply दाबल्यावर उत्तराच्या पत्त्यात केवळ पाठवणाऱ्याचा पत्ता येतो. Reply all दाबल्यावर पाठवणारा आणि कागदावर To व Cc या ओळींत लिहिलेले सर्व जण येतात. दोन्ही बटणे कागद वाचतात, पाकीट त्यांना उपलब्धच नसते. बीसीसीच्या सूचनेत कागदावर वाचनालयाचाच पत्ता आहे, त्यामुळे सभासदाने कोणतेही बटण दाबले तरी उत्तर आपल्याकडेच येईल.

आपल्या पहिल्या पत्रात 112 पत्ते कागदावर होते. म्हणून Reply all दाबणाऱ्या प्रत्येकाचे उत्तर उरलेल्या 111 सभासदांना आणि वाचनालयाला, म्हणजे 112 जणांना गेले. बारा जणांनी उत्तरे दिली, म्हणजे 1344 प्रती वाटल्या गेल्या. "येता येणार नाही" एवढे सांगण्यासाठी हे सगळे घडले, आणि त्यात त्या बारा जणांचा दोष नाही. पत्त्यांची यादी कागदावर असल्यामुळे ते बटण तसे वागले.

अध्यक्षांची नाराजी त्याच नियमाने उलगडते. अहवालाच्या पत्रात ते Cc मध्ये होते, म्हणजे कागदावर होते. तरीही कार्यालयातील व्यक्तीने Reply दाबले असेल तर उत्तर केवळ आपल्यालाच आले. सीसीमध्ये असणाऱ्याला पुढची उत्तरे आपोआप मिळत नाहीत, ती समोरच्याने कोणते बटण दाबले यावर अवलंबून असतात. असे उत्तर आले की ते अध्यक्षांना फॉरवर्ड करावे, किंवा त्याला उत्तर देताना अध्यक्षांना पुन्हा Cc मध्ये घ्यावे.

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये राहते. त्या सभासद भगिनींची तक्रार कोणाला क्षुल्लक वाटू नये म्हणून येथील एक घटना सांगते. सप्टेंबर 2015 मध्ये लंडनमधील 56 डीन स्ट्रीट या लैंगिक आरोग्य चिकित्सालयाने एचआयव्हीविषयक सेवा घेणाऱ्यांना वार्तापत्र पाठवले. पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याने पत्ते Bcc ऐवजी To मध्ये भरले. सातशे ऐंशीच्या आसपास पत्ते होते आणि त्यांतील 730 पत्त्यांसोबत लोकांची पूर्ण नावे होती. पत्रात कोणाच्या आजाराविषयी एक शब्दही नव्हता, परंतु यादीत नाव असणे हेच सर्व काही सांगत होते. मे 2016 मध्ये माहिती आयुक्तांनी त्या चिकित्सालयाच्या मूळ संस्थेला 1,80,000 पौंडांचा दंड केला.

वाचनालयाच्या यादीची तुलना त्याच्याशी होऊ शकत नाही, हे मान्य आहे. पण पत्ते एकदा कागदावर गेले की त्या कागदाच्या प्रती लोकांच्या खात्यांत राहतात आणि त्या परत मागवता येत नाहीत.

कोकणकडा

परत का मागवता येत नाहीत? जीमेलमध्ये पाठवल्यावर खाली Undo असे येते. ते दाबले की पत्र परत येते. मी अनेकदा वापरले आहे.

पोस्टपेटी

ते पत्र परत येत नाही, ते गेलेलेच नसते. Send दाबल्यावर जीमेल पत्र काही सेकंद आपल्याकडेच थांबवून ठेवते आणि त्या अवधीत Undo दाबले तर पाठवणे रद्द होते. नेहमीची मुदत 5 सेकंदांची असते आणि सेटिंग्जमध्ये Undo Send येथे ती 10, 20 किंवा 30 सेकंद करता येते. वाचनवेल यांनी आजच ती 30 करून घ्यावी. एकतिसाव्या सेकंदाला मात्र उपाय उरत नाही.

हिशेबवही

फॉरवर्डविषयी आपण विचारले आहे म्हणून सांगतो. सेटिंग्जमध्ये Forwarding and POP/IMAP असा भाग आहे. तेथे अध्यक्षांचा पत्ता घालावा. त्यांच्या खात्यावर खात्री करून घेणारे एक पत्र जाईल, त्यांनी मान्यता दिली की वाचनालयाला आलेले प्रत्येक पत्र आपोआप त्यांच्याकडेही जाईल. आमच्या पतपेढीत आम्ही असेच केले आहे आणि कोणाचीही तक्रार उरलेली नाही.

वाचनवेल

हिशेबवही, आपले आभार, परंतु माझा प्रश्न एकेक पत्र हाताने फॉरवर्ड करण्याविषयी होता. दरपत्रकांच्या बाबतीत जे घडले ते मला समजून घ्यायचे आहे. सभासद कधी कधी वर्गणीविषयीच्या घरगुती अडचणीही वाचनालयाला लिहितात, त्यामुळे सर्वच पत्रे आपोआप दुसऱ्या खात्यात जाणे मला योग्य वाटत नाही.

निळी शाई

मी मुद्रितशोधनाचे काम करते. आपल्या चुकीच्या नेमकी उलट चूक माझ्याकडून झाली होती. एका लेखकांनी मला हस्तलिखिताची फाइल जोडून पत्र पाठवले. मी त्या पत्राला Reply दाबून उत्तर लिहिले, Cc मध्ये संपादकांचा पत्ता घातला आणि "हस्तलिखित सोबत आहेच, कृपया पाहावे" असे लिहिले. माझ्या पडद्यावर लेखकांचे पत्र आणि फाइल दोन्ही दिसत होते, त्यामुळे संपादकांनाही ते दिसेल अशी माझी समजूत होती. संपादकांना मात्र फक्त मजकूर मिळाला आणि ते चार दिवस माझ्या फाइलची वाट पाहत राहिले. छपाईचे वेळापत्रक त्यामुळे मागे पडले. रिप्लायमध्ये जोडपत्र जात नाही आणि फॉरवर्डमध्ये जाते, हे मला त्या चार दिवसांनी शिकवले.

पोस्टपेटी

निळी शाई यांनी अचूक सांगितले. ज्याने फाइल पाठवली त्याच्याकडे ती असतेच, म्हणून उत्तरासोबत ती परत पाठवण्याचे कारण नसते. फॉरवर्ड मात्र ज्याने मूळ पत्र पाहिलेलेच नाही अशा व्यक्तीसाठी असते, म्हणून त्यात मजकूर आणि जोडपत्रे दोन्ही जातात.

वाचनवेल, आपल्या प्रसंगात काय झाले ते पायरीपायरीने पाहू. मंडळाची चर्चा चालू असताना प्रत्येकाच्या उत्तराखाली आधीचे पत्र, त्याखाली त्याच्या आधीचे पत्र अशी थप्पी साचत गेली. जीमेल ती थप्पी तीन ठिपक्यांच्या एका छोट्या खुणेमागे दुमडून ठेवते, त्यामुळे आपल्याला केवळ शेवटची दोन वाक्ये दिसली. फॉरवर्ड करताना ती दुमडलेली थप्पीही गेली. वर Forwarded message अशी ओळ येते आणि तिच्याखाली मूळ पत्र कोणी, कधी, कोणाला पाठवले आणि Cc मध्ये कोण होते हेही लिहिलेले असते. आणि आपण ज्या शेवटच्या पत्रावरून फॉरवर्ड केले त्याला दरपत्रके जोडलेली असणार, म्हणून ती गेली. शेवटी कोणी ती पुन्हा जोडली होती का, हे आपल्या Sent मध्ये तपासता येईल.

वाचनवेल

होय, आमच्या कोषाध्यक्षांनी तिन्ही दरपत्रके एकत्र पाहता यावीत म्हणून शेवटच्या पत्राला पुन्हा जोडली होती. आता उलगडा झाला. ज्यांना फॉरवर्ड होते त्यांचे उत्तर आले तर ते मंडळाच्या सदस्यांनाही जाते का?

पोस्टपेटी

नाही. फॉरवर्ड म्हणजे नवीन पाकीट. जुने पत्ते त्यात मजकूर म्हणून वाचता येतात, परंतु ते नव्या पत्राच्या To किंवा Cc मध्ये नसतात. विक्रेत्याने Reply all दाबले तरी उत्तर आपल्यालाच येईल. आणि आपण काय फॉरवर्ड केले हे मंडळाच्या सदस्यांनाही आपोआप कळत नाही.

बाहेरच्या व्यक्तीला मान्यता कळवायची असेल तर Forward दाबूच नये. Compose दाबून नवे पत्र लिहावे. फॉरवर्ड करणे अपरिहार्य असेल तर मजकुराच्या तळापर्यंत जाऊन तीन ठिपके उघडावेत, नको तो भाग पुसावा आणि जोडपत्रांच्या नावांपुढची फुली दाबून ती काढून टाकावीत. फॉरवर्डचा मजकूर पाठवण्यापूर्वी हवा तसा पुसता किंवा बदलता येतो, हे लक्षात ठेवावे. त्याच कारणाने आपल्याकडे आलेले फॉरवर्ड हा मूळ पत्राचा पुरावा मानू नये.

आता अहवालाविषयी. फाइल किती मोठी होती आणि कार्यालयाने काय कळवले?

वाचनवेल

अहवाल आणि लेखापरीक्षण मिळून 31 पाने होती. ती रंगीत स्कॅन केल्यावर फाइल 38 एमबी झाली. कार्यालयातून असे कळवले की जोडपत्र नाही, एक निळा दुवा आहे आणि तो दाबल्यावर परवानगी मागतो.

पोस्टपेटी

मग फाइल जोडली गेलीच नव्हती. जीमेलमधून पाठवताना जोडपत्रांची मर्यादा 25 एमबी आहे. त्याहून मोठी फाइल जीमेल आपल्या गूगल ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरील आपल्या साठवणीच्या जागेत ठेवते आणि पत्रात तिचा दुवा घालते. दुवा म्हणजे पुस्तकाऐवजी कपाटाचा क्रमांक देण्यासारखे आहे. कपाटाला कुलूप असेल तर क्रमांक माहीत असूनही पुस्तक मिळत नाही. पाठवताना जीमेलने परवानगीविषयी एक खिडकी दाखवली असेल आणि ती आपल्याकडून तशीच पुढे ढकलली गेली असेल. दुवाच पाठवायचा असेल तर ड्राइव्हमध्ये Share दाबून Anyone with the link निवडावे लागते, परंतु मग तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल उघडता येते, हेही ध्यानात असू द्यावे.

मी सुचवेन की फाइलच लहान करावी. मजकुराच्या पानांना रंगाची गरज नसते. स्कॅनरवर 200 डीपीआय आणि करडी छटा निवडून तीच पाने पुन्हा स्कॅन करावीत. आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतो, कारण ती माहीत नसल्याने लोक बुचकळ्यात पडतात. ईमेल मुळात साध्या मजकुरासाठी बनलेली असल्याने जोडपत्राचे प्रवासापुरते अक्षरांत रूपांतर होते, आणि त्यात प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात. म्हणजे 8 एमबीची फाइल प्रवासात पावणेअकरा एमबीच्या जवळ जाते. समोरच्या कार्यालयाच्या सर्व्हरची मर्यादा 10 एमबी असेल तर 8 एमबीची फाइलही परत येऊ शकते. तसे झाले तर Mail Delivery Subsystem या नावाने पत्र येते. ते जाहिरात समजून पुसू नये. कोणता पत्ता चुकला किंवा कोणती मर्यादा ओलांडली हे त्यात लिहिलेले असते.

कोकणकडा

आता एक व्यवहाराची गोष्ट. अध्यक्ष नाराज होतात ना, मग कार्यालयाला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात त्यांना Bcc मध्ये घालावे. अध्यक्षांना सर्व कळेल आणि अधिकाऱ्यांना उगाच नावांची गर्दी दिसणार नाही.

टंकनिका

मला हे पटत नाही. सभासदांची यादी झाकण्यासाठी बीसीसी वापरणे म्हणजे त्यांच्या पत्त्यांची राखण करणे होय. दोन व्यक्तींमधील पत्र तिसऱ्याला गुपचूप दाखवणे ही वेगळी गोष्ट आहे. आमच्या कार्यालयात तशी प्रत काढायची झाल्यास साहेब स्वतः सांगत, टंकलेखक आपल्या मनाने काढत नसे. शिवाय अध्यक्षांनी सवयीने Reply all दाबले, तर त्यांचे उत्तर थेट अधिकाऱ्यांकडे जाईल आणि आपण कोणाला लपवले होते हे उघड होईल.

कोकणकडा

रिप्लाय ऑलचा धोका मला मान्य आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण संस्थेच्या अध्यक्षांना संस्थेचे पत्र दाखवणे म्हणजे लपवाछपवी, हे मला मान्य नाही. ते पत्र त्यांच्याच संस्थेचे आहे.

निळी शाई

मी मधला मार्ग वापरते. पत्र आधी पाठवते आणि मग Sent मधून ते ज्यांना दाखवायचे त्यांना स्वतंत्रपणे फॉरवर्ड करते. त्यांनी कोणतेही बटण दाबले तरी उत्तर माझ्याकडेच येते.

टंकनिका

बटणाचा धोका त्याने टळतो, एवढे मी मान्य करते. औचित्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो. उघडपणे Cc मध्ये नाव घालण्यात अडचण काय आहे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

वाचनवेल

आपणा सर्वांच्या सांगण्यावरून काल आणि आज जे केले ते कळवते.

अहवाल करड्या छटेत पुन्हा स्कॅन केला, फाइल 38 वरून 6 एमबीवर आली. ती कार्यालयाला To मध्ये आणि अध्यक्ष व कोषाध्यक्षांना Cc मध्ये ठेवून पाठवली. फाइलचे नाव पत्राखाली दिसते आहे याची खात्री करून मगच Send दाबले. दुपारी कार्यालयाचे "प्राप्त झाले" असे उत्तर आले. ते केवळ मलाच आले होते, म्हणून अध्यक्षांना फॉरवर्ड केले. त्यात लपवण्यासारखे काहीही नव्हते, तरी तळापर्यंत वाचून पाहिले.

सभेच्या जागेत बदल झाल्याने सुधारित सूचना पाठवायची होती. To मध्ये वाचनालयाचा पत्ता ठेवला, ओळीच्या उजव्या टोकाला असलेले Bcc दाबले आणि त्या रकान्यात 112 पत्ते भरले. आधी मुलीच्या आणि माझ्या स्वतःच्या खात्यावर चाचणी केली, दोन्हीकडे एकच पत्ता दिसला. पाठवल्यावर Mail Delivery Subsystem कडून तीन पत्रे आली. दोन पत्ते नोंदवहीतच चुकीचे लिहिलेले निघाले आणि तिसरे खाते बंद झालेले आहे. म्हणजे या तीन सभासदांना पहिली सूचनाही मिळालेली नव्हती. तेव्हा आलेली तशी पत्रे मी न वाचता पुसली होती. त्या तिघांना आता सूचना हस्ते पोहोचवत आहे.

त्या भगिनींना दूरध्वनी करून चूक कशी झाली ते सांगितले आणि क्षमा मागितली. त्यांनी विचारले की आधीच्या पत्रातला त्यांचा पत्ता आता पुसता येईल का. येणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगितले. ज्या दोन विक्रेत्यांची दरपत्रके बाहेर गेली त्यांना मंडळाच्या संमतीने स्वतंत्र पत्रे लिहीत आहे.

एक गोष्ट अजून विचारायची आहे. सभासदांनी आपापल्या उपस्थितीविषयी कळवले आहे, त्या सर्वांना पुढच्या वेळी त्याच जुन्या पत्राला उत्तर म्हणून लिहिले तर चालेल का, की दर वेळी यादी नव्याने Bcc मध्ये भरावी लागेल?

पोस्टपेटी

नव्याने भरावी. जुने पत्र उघडून Reply all दाबले, तर बीसीसीची यादी उत्तरात येईल यावर विसंबू नये. पहिल्या, चुकलेल्या पत्रावरून तर Reply all अजिबात दाबू नये, कारण त्याच्या कागदावर अजूनही सर्व 112 पत्ते आहेत. यादी एका फाइलमध्ये स्वल्पविरामाने वेगळी करून ठेवावी, प्रत्येक वेळी ती Bcc मध्ये चिकटवावी आणि Send दाबण्यापूर्वी To ची ओळ एकदा वाचावी. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला 500 पर्यंतच पत्त्यांना पत्र जाते, 112 त्यात सहज बसतात.